सोळा फूट म्हणजे कुठून कुठपर्यंत?

प्रश्न: कोल्हापूरजवळ एमआयडीसीत 20 बाय 40 मीटरचा प्लॉट आहे. 12 बाय 24 मीटरची शेड घालायची आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, एक लेथ आणि कोपऱ्यात थोडे वेल्डिंग. जॉब म्हणजे पंपाच्या बॉड्या, जास्तीत जास्त 800 किलोच्या. पुढे 2 टनाची क्रेन बसवायची आहे. फॅब्रिकेटरने 16 फूट उंची, कलर पत्रा, दहा पारदर्शक पत्रे, सहा टर्बो व्हेंटिलेटर आणि 10 बाय 12 फुटी शटर असे कोटेशन दिले आहे. एवढ्यात भागेल का?

उत्तर:

क्रेन खरोखर बसवायची असेल तर नाही भागणार. शटरही कमी पडेल, पारदर्शक पत्रे जास्त होतील आणि टर्बो व्हेंटिलेटर फिरताना दिसतील, पण काम फारसे करणार नाहीत. तुमचा फॅब्रिकेटर फसवतो आहे असे मी म्हणत नाही. त्याने माल ठेवायच्या शेडचे कोटेशन वर्कशॉपला दिले आहे, आणि ते फार जण देतात.

सुरुवात उंचीपासून करू, कारण बाकीचे सगळे तिच्यावर टांगलेले आहे. त्याला फोन करून एकच विचारा: हे 16 फूट कुठून कुठपर्यंत? नव्वद टक्के वेळा उत्तर येते, फ्लोअरपासून वळचणीपर्यंत. म्हणजे भिंतीच्या टोकाला पत्रा जिथे टेकतो तिथपर्यंत. तुम्हाला ती उंची वापरायला मिळत नाही. पत्र्याखाली त्याला धरणारी आडवी पर्लिन येते, त्याखाली पर्लिन पेलणारा तिरका राफ्टर येतो, आणि कॉलम व राफ्टर जुळतात त्या सांध्याला तो सर्वांत जाड असतो. 12 मीटरच्या गाळ्याला तिथे अर्धा मीटर सहज जातो. पर्लिनचे 20 सेंटिमीटर धरले तर 16 फुटांचे, म्हणजे 4.9 मीटरचे, हातात उरतात 4.2 मीटर. शेडच्या मध्यावर उंची जास्त मिळते हे खरे, पण क्रेनचा गर्डर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा धावतो, त्यामुळे त्याला सांध्याखालचीच उंची धरावी लागते. पाइपचा ट्रस केला तर हिशेब थोडा बदलतो. तिथे ट्रसची खालची आडवी टाय ही तुमची मर्यादा, आणि तिच्यावरची त्रिकोणी जागा कायमची वाया.

आता या 4.2 मीटरमध्ये क्रेन बसवून पाहू. 2 टनाच्या साध्या सिंगल गर्डर क्रेनला, हुक पूर्ण वर घेतल्यावर हुकापासून क्रेनच्या सर्वांत उंच भागापर्यंत सव्वा ते दीड मीटर लागतात. नेमका आकडा क्रेनवाल्याच्या ड्रॉइंगवर असतो, मी 1.4 धरतो. वर राफ्टरपर्यंत 20 सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. 4.2 मधून 1.4 आणि 0.2 गेले, हुक राहिला 2.6 मीटरवर. हुकाखाली चेन स्लिंग 90 सेंटिमीटर, तिच्याखाली मीटरभर उंचीची पंपबॉडी. म्हणजे जॉबचा तळ जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर. ट्रकचा हौदा जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर असतो. तुमची क्रेन तुमच्याच ट्रकमधून जॉब उचलू शकणार नाही. असे एक मालक मी पाहिले आहेत. क्रेन बसवल्यावर पहिल्या दिवशी हे लक्षात आले, आणि आजही त्यांचा माल ट्रकमधून फोर्कलिफ्टने उतरतो आणि मग क्रेनने दहा फूट सरकतो.

म्हणून हिशेब खालून वर करायचा. ट्रकचा हौदा 1.3 मीटर, त्यावर फाळका 60 सेंटिमीटर, झाले 1.9. जॉब फाळक्यावरून नेताना 30 सेंटिमीटर अंतर, 2.2. जॉब 1 मीटर, स्लिंग 90 सेंटिमीटर: हुक 4.1 मीटरवर आला पाहिजे, आपण 4.2 धरू. त्यावर क्रेनचे 1.4 आणि मोकळे 0.2, म्हणजे राफ्टरच्या सांध्याखाली 5.8 मीटर. त्यात राफ्टर आणि पर्लिनचे 0.7 मिळवा. वळचण 6.5 मीटरला, म्हणजे सव्वाएकवीस फुटांना. कोटेशनमध्ये ‘उंची 21 फूट’ एवढेच लिहून घेऊ नका. ‘फ्लोअरपासून राफ्टरच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत मोकळी उंची 5.8 मीटर’ असे लिहून घ्या. मग वळचण किती ठेवायची ते तो बघेल.

ही वाढ केवढ्याची, तेही बघा. 1.6 मीटर उंची वाढली, शेडचा घेर 72 मीटर, म्हणजे भिंतीचा पत्रा साधारण 115 चौरस मीटर वाढला. दर 6 मीटरला फ्रेम धरली तर पाच फ्रेम, दहा कॉलम, प्रत्येक 1.6 मीटर लांब झाला. वारा आणि क्रेन यांमुळे कॉलमचा सेक्शन आणि फाउंडेशनही थोडे वाढेल. छप्पर, फ्लोअर, शटर, वायरिंग यांत फरक नाही. नंतर मात्र कॉलम उंच करता येत नाहीत. क्रेन दोन वर्षांनी आणणार असाल तरी कॉलमला क्रेनचे ब्रॅकेट आताच लावून घ्या आणि डिझाइनमध्ये क्रेनचा भार आताच धरायला सांगा. मागाहून कॉलमला ब्रॅकेट वेल्ड करून दिलेल्या क्रेनखाली मी स्वतः उभा राहत नाही.

पैसे खरोखरच बेताचे असतील तर सरळ ठरवा की ओव्हरहेड क्रेन नको. व्हीएमसीजवळ एका खांबाभोवती फिरणारी 1 टनाची जिब क्रेन आणि ट्रक उतरवायला भाड्याची फोर्कलिफ्ट यांत 800 किलोचे काम होते, आणि मग साडेपाच मीटरची वळचण चालेल. ‘पुढे बघू’ म्हणत 16 फुटांवर थांबायचे, एवढे मात्र करू नका.

आता ट्रक. तुमच्याकडे बहुधा एकोणीस फुटी आयशर येणार, कधी फाउंड्रीकडून दहाचाकी. कायद्याने मालट्रकची रुंदी 2.6 मीटरपर्यंत आणि उंची 4 मीटरपर्यंत असू शकते. ही उंची 2020 पर्यंत 3.8 मीटर होती. 10 बाय 12 फूट म्हणजे 3.05 बाय 3.66 मीटर. रुंदीत आरसे धरून दोन्हीकडे वीतभरसुद्धा उरत नाही आणि ताडपत्री घातलेला उंच ट्रक आत येतच नाही. शटर 4.2 मीटर रुंद आणि 4.5 मीटर मोकळ्या उंचीचे घ्या. ‘मोकळ्या’ हा शब्द इथेही लिहून घ्या, कारण शटर पूर्ण गुंडाळल्यावरही खालची बॉटम प्लेट थोडी लोंबतेच. एवढ्या उंच शटरची गुंडाळी अर्ध्या मीटरच्या आसपास जाड होते. ती आतून घेतली तर क्रेनच्या वाटेत येते का तेवढे तपासा. बाहेरून घेतली तर तिच्यावर पत्र्याची टोपी हवी, नाहीतर पावसाळ्यात बेअरिंग गंजते.

आणखी एक गोष्ट फॅब्रिकेटरला आजच सांगा. गेबल भिंतीत, म्हणजे शेडच्या टोकाच्या 12 मीटरच्या भिंतीत, वाऱ्यासाठी मधले कॉलम असतात. तो ते सवयीने सारख्या अंतरावर, 4 मीटरला एक असे टाकेल, आणि तुमचे शटर नेमके त्यांतल्या एकावर येईल. शटरची जागा आधी, कॉलम नंतर.

ती जागा गेबलच्या मधोमध नको. ट्रक मध्यावर आत आला की दोन्ही बाजूंना अडीअडचणीच्या पट्ट्या उरतात. शटर एका बाजूला सरकवा, पण अगदी भिंतीला चिकटवू नका, कारण क्रेनचा हुक रेलवरून आतल्या बाजूला साधारण मीटरभर यावा लागतो, तिथपर्यंतची पट्टी त्याच्या आवाक्याबाहेर असते. ट्रकच्या हौद्याचा मध्य हुकाच्या आवाक्यात आला म्हणजे झाले. हाच नियम लांबीत. गेबलच्या भिंतीपासूनही पहिला मीटरभर हुक पोचत नाही. म्हणून ट्रक नुसता ढुंगण आत घालून उभा राहिला तर हौद्याच्या पुढच्या भागातला जॉब उचलता येणार नाही. हौदा पूर्ण, सहा मीटर, आत यायला हवा आणि वर एक मीटर. शेडच्या पहिल्या 7 मीटरमध्ये ट्रकच्या रांगेत मशीन ठेवू नका. शेजारची पट्टी कच्चा माल आणि तपासणीच्या टेबलाला वापरा, मशीन त्यापुढच्या 17 मीटरमध्ये.

प्लॉटमध्ये ट्रक वळेल का? 40 मधून 24 गेले, 16 उरले. मागे मंजुरीत लिहिलेले मार्जिन सोडून पुढे 11-12 मीटर मिळतील. आठ मीटर लांबीचा ट्रक एवढ्या अंगणात पूर्ण फिरत नाही, तो रस्त्यावरूनच रिव्हर्स येणार. तेव्हा फाटक शटरच्या अगदी समोर घ्या आणि 6 मीटर रुंद ठेवा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. मागे घेताना शेपूट उजवीकडे वळत असेल तर तो खिडकीतून डोके काढून पाहू शकतो, डावीकडे वळत असेल तर सगळी भिस्त क्लीनरच्या ‘आन दे, आन दे’वर. रस्त्याच्या कोणत्या बाजूने ट्रक आला तर शेपूट उजवीकडे वळते ते एकदा प्लॉटवर उभे राहून बघा आणि त्या बाजूला फाटकाजवळ विजेचा खांब किंवा झाड नाही ना ते पाहा.

मग राहतो रॅम्प. इथे मी स्वतः खाल्लेला फटका सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेडचा फ्लोअर पुराच्या भीतीने अंगणापेक्षा 45 सेंटिमीटर उंच घेतला होता. शटर 4.2 मीटर, येणारा ट्रक लाकडी खोक्यांसकट 4 मीटर. कागदावर 20 सेंटिमीटर शिल्लक. जागा कमी म्हणून रॅम्प एकास आठ उताराचा केला. पहिलाच ट्रक मागे आला, मागची चाके फ्लोअरवर चढली, पुढची अजून उतारावर, म्हणजे ट्रकचे नाक खाली आणि शेपूट वर. मागच्या चाकांच्या मागे हौदा 2 मीटर बाहेर असतो. एकास आठ उतारावर ते टोक 25 सेंटिमीटर वर उचलले गेले आणि वरचे खोके बॉटम प्लेटमध्ये घुसले. शटर नवे, त्यावरचा हारही वाळला नव्हता. तेव्हापासून मी अंगण आणि फ्लोअर यांत 15 ते 20 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवत नाही. पाणी आत येऊ नये म्हणून शटरच्या पूर्ण रुंदीत आडवे गटार आणि त्यावर ट्रक पेलणारी जाळी घेतो, वर दोन-अडीच मीटरची छत्री. प्लॉटच खोलात असेल तर आख्खे अंगण भरून घ्या, एकट्या शेडचा फ्लोअर वर नेऊ नका.

शेडचे मोठे तोंड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर पावसाळ्यात शटर उघडे ठेवता येत नाही, हे तुम्हाला कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण त्याचा पत्र्याशीही संबंध आहे. वारा छपराला दाबतो त्यापेक्षा वर खेचतो जास्त. पुण्याकडच्या पट्ट्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर धरतात, 0.6 गुणिले वेगाचा वर्ग केला की दर चौरस मीटरला साधारण 93 किलो दाब येतो. कमी उताराच्या छपरावर बाहेरून खेच त्याहून थोडी जास्त असू शकते, आणि वाऱ्याच्या बाजूचे शटर उघडे असेल तर आत शिरलेली हवा खालून ढकलते. दोन्ही मिळून सव्वाशे-दीडशे किलो दर चौरस मीटर. पत्र्याचे स्वतःचे वजन पाच किलोच्या आत. उरलेले सगळे स्क्रूंनी धरायचे असते. म्हणून डिझाइनरला शटर, लुव्हर म्हणजे हवेसाठी भिंतीत बसवलेल्या तिरक्या पट्ट्यांच्या खिडक्या, आणि आढ्याची मोकळीक यांची मापे द्या. ‘बंद शेड’ समजून केलेले डिझाइन तुमच्या उघड्या शेडला लागू होत नाही.

पत्र्यात मला उतार आणि जाडी यांवर बोलायचे आहे, रंग तुमच्या आवडीचा, फक्त फिका घ्या. उतार एकास दहा हा कारखान्यांत रूढ आहे आणि तो कोरड्या भागात चालतो. तुमच्याकडे मी एकास पाच देईन. निम्मा गाळा 6 मीटर, त्याला 1.2 मीटर चढ, पाखा 6.12 मीटर, वळचणीला अर्धा मीटर बाहेर धरून पत्रा साधारण 6.7 मीटर लांब. एवढा पत्रा एकसंध येतो. आढ्यापासून वळचणीपर्यंत मध्ये जोड नाही, म्हणजे आडव्या जोडातून वाऱ्याने पाणी मागे चढायचा प्रश्नच नाही. शेड गळते ती बहुतेक वेळा आडव्या जोडाला, स्क्रूला आणि पारदर्शक पत्र्याच्या कडेला.

जाडी ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणजे काय हे विचारा. तो आकडा रंग आणि जस्त-ॲल्युमिनियमचा थर धरून असतो. आतले पोलाद 0.43 ते 0.45 मिलिमीटर भरते. कधी कधी ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणून आलेला माल रंगासकट 0.45 निघतो. तुमचा तर मशीनशॉप आहे. गाडी आली की मायक्रोमीटर घेऊन पाच-सहा पत्र्यांच्या कडा मोजा. बिलावर मूळ पोलादाची जाडी आणि थराचे दर चौरस मीटरचे ग्रॅम, दोन्ही लिहून घ्या. थर 150 ग्रॅमचा चांगला.

स्क्रू बसवताना वर चढून स्वतः बघा. स्क्रूच्या वॉशरखाली काळे रबर असते. ते पत्र्यावर चपखल बसून धातूच्या वॉशरच्या कडेपर्यंत जेमतेम दिसले पाहिजे. बाहेर फुगून आले असेल तर जास्त आवळले आहे, ते दोन उन्हाळ्यांत चिरेल. वॉशर बोटाने फिरत असेल तर ढिले आहे. स्क्रू तिरका गेला असेल तर एका बाजूने रबर दाबलेलेच नसते, पहिल्या पावसात तिथेच थेंब. काम संपल्यावर रोज संध्याकाळी पत्र्यावरचा कीस झाडूने काढायचा. तो रात्रभर दवात राहिला की सकाळी तांबूस ठिपके पडतात आणि मालक म्हणतो पत्राच गंजका दिला. वळचण, आढे आणि गेबलच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घ्या, वारा पत्रा तिथून सोलायला सुरुवात करतो.

उजेडाकडे येऊ. दहा पारदर्शक पत्रे पूर्ण लांबीचे म्हणजे साठ-पासष्ट चौरस मीटर, फ्लोअरच्या वीस टक्क्यांहून जास्त. एप्रिलच्या दुपारी दर चौरस मीटरवर 900 वॉटच्या आसपास ऊन पडते. स्वच्छ पत्र्यातून त्यातले तीन चतुर्थांश तरी आत येते. म्हणजे चाळीस किलोवॅटचा हीटर डोक्यावर. शिवाय उन्हाचा पट्टा लेथच्या बेडवरून सरकत जातो, मायक्रोमीटरवरच्या रेघा चमकतात आणि सीएनसीचा पडदा दिसत नाही. मग माणसे पत्र्याला आतून गोणपाट बांधतात. तुम्ही असे शेड पाहिले असतील.

दुधी पॉलिकार्बोनेटचे आठ पट्टे घ्या, प्रत्येकी 1 मीटर रुंद आणि 3 मीटर लांब. दोन फ्रेममधल्या दर 6 मीटरच्या जागेत दोन्ही पाख्यांवर एकेक. झाले 24 चौरस मीटर, म्हणजे आठ टक्के. दुधी पत्रा साधारण निम्मा उजेड आत सोडतो. वर्षभराची धूळ आणि तेलाचा थर त्यातला सत्तर टक्के ठेवतो. त्यातला निम्मा प्रत्यक्ष कामाच्या पातळीवर पोचतो, बाकी भिंती, क्रेन आणि राफ्टर खातात. 8 टक्क्यांचे हे सगळे गुणाकार केले की बाहेरच्या उजेडाचा 1.4 टक्का आत मिळतो. पावसाळी ढगाळ दुपारी बाहेर 20,000 लक्स असेल तर आत 280. मशीनवरचे साधे काम त्यात होते. मापे घ्यायला आणि संध्याकाळी चारनंतर दिवा लावावाच लागेल, आणि तो प्रत्येक मशीनवर वेगळा ठेवा. पत्रे वाढवून ही गरज भागत नाही, फक्त उकाडा वाढतो.

पट्टा आढ्याकडून खाली घ्या, म्हणजे त्याला आडवा जोड एकच, खालच्या टोकाला. पॉलिकार्बोनेट उन्हाने पोलादाच्या पाचपट पसरते. 3 मीटरचा पट्टा 40 अंशांच्या फरकात सुमारे 8 मिलिमीटर लांबतो, शेजारचा पत्रा दीड. म्हणून त्याला स्क्रूपेक्षा मोठे भोक आधी पाडायचे आणि रुंद वॉशर वापरायचा. थेट स्क्रू मारला की भोकापासून तडा जातो. आणि त्याला एक बाजू वर ठेवायची असते, ज्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो. फिल्मवर छापलेले असते, पण घाईत कुणी वाचत नाही. उलटा बसला तर दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पट्ट्याखाली वेल्डमेशची जाळी बांधून घ्या. धूळकटलेला पट्टा वरून पत्र्यासारखाच दिसतो आणि गटार साफ करायला चढलेला माणूस त्यावर पाय देतो. सहा मीटरवरून काँक्रीटवर.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम पडत असेल तर उत्तरेच्या भिंतीत, वळचणीखाली मीटरभर उंचीचा दुधी पट्टा घेऊन छपरातले दोन पट्टे कमी करता येतात. उत्तरेचा उजेड थंड असतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, पण त्यातले दोन महिने ढग असतात, त्यामुळे त्रास मे महिन्यापुरता.

आता उकाडा. सहा टर्बो व्हेंटिलेटर म्हणजे किती भोक? 600 मिलिमीटरच्या एकाचे तोंड 0.28 चौरस मीटर, सहांचे 1.7. वारा पडलेला असताना, आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंश गरम धरली, तर त्यातून तासाला सुमारे 5,300 घनमीटर हवा जाईल. तुमच्या 6.5 मीटर वळचणीच्या शेडमध्ये 2,000 घनमीटरहून थोडी जास्त हवा आहे. म्हणजे तासाला अडीच वेळा हवा बदलली. वर्कशॉपला मला बारा वेळा तरी हवी असते.

त्याऐवजी आढे उघडा. 24 पैकी 22 मीटर लांबीत अर्धा मीटर रुंद फट ठेवायची आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी टोपी घालायची, आपल्याकडे तिला मॉनिटर किंवा जॅक रूफ म्हणतात. मोकळे तोंड 11 चौरस मीटर. खाली तेवढेच तोंड हवा आत यायला ठेवले तर त्याच पाच अंशांवर सेकंदाला 6.7 घनमीटर हवा वर जाते, म्हणजे तासाला सुमारे बारा वेळा. फिरणारे काही नाही, बिघडणारे काही नाही. वाढवलेल्या उंचीचा इथे पुन्हा फायदा: खालचे आणि वरचे तोंड जितके लांब तितका ओढा जास्त. टोपीच्या कडा फटीच्या बऱ्याच बाहेर आणि खाली आल्या पाहिजेत, आणि पश्चिमेच्या बाजूला आतून एक उभी पट्टी, नाहीतर जुलैत तिरका पाऊस सरळ व्हीएमसीवर. कबुतरांसाठी जाळी विसरू नका.

खालचे तोंड हीच लोक चुकतात ती जागा. वर मॉनिटर, आणि खाली भिंती बंद. मग हवा येणार कुठून? भिंतीत गुडघ्याच्या उंचीपासून वर लुव्हर घ्या. लुव्हरचे मोकळे क्षेत्र त्याच्या मापाच्या निम्मेच धरायचे, म्हणून 11 चौरस मीटरसाठी 22 चौरस मीटर लुव्हर लागतात: 90 सेंटिमीटर उंचीची पट्टी एकूण 24 मीटर, दोन्ही भिंतींत वाटून. शटर उघडे असले की ते वेगळे, पण ते हिशेबात धरू नका. पश्चिमेकडचे लुव्हर बंद करता येणारे घ्या. चालते आहे की नाही ते बघायला उदबत्ती पुरते. लुव्हरसमोर धरा, धूर आत वाकला पाहिजे. बाहेर जात असेल तर वरचे तोंड कमी पडते आहे किंवा कुणीतरी वर ताडपत्री बांधली आहे.

ही हवा किती उष्णता वाहून नेते? त्याच पाच अंशांच्या फरकात साधारण 39 किलोवॅट. तुमची मशीन, कंप्रेसर आणि वेल्डिंग चालू असताना वीसेक किलोवॅट धरू. दुधी पट्टे 11. उरले आठ. आणि उघडा पत्रा उन्हात साठ अंशांपर्यंत तापतो, 288 चौरस मीटरमधून तो एकटा तीस-पस्तीस किलोवॅट खाली टाकतो. इथे हिशेब फाटतो. म्हणून पत्र्याखाली इन्सुलेशन हवेच: जाळीवर 50 मिलिमीटर ग्लासवूल, खालच्या बाजूला चकचकीत फॉइल. मग छपराचा वाटा पाच-सहा किलोवॅटवर येतो आणि सगळे बसते. थंडीत पहाटे पत्र्याला आतून सुटणारा घामही थांबतो, नाहीतर तो घासलेल्या गाइडवेवर टपकतो. ग्लासवूल पत्र्याच्या आधी पसरायचे असते, म्हणून ‘नंतर करू’ इथेही चालत नाही.

वेल्डिंगचा धूर मात्र मॉनिटरच्या भरवशावर सोडू नका, त्या कोपऱ्यावर वेगळा हूड आणि पंखा लावा. कोपरा पूर्वेचा निवडा. पश्चिमेला ग्राइंडिंग ठेवले तर वर्षातले चार महिने त्याची धूळ वाऱ्याबरोबर सीएनसीच्या पॅनलमध्ये जाते.

फॅब्रिकेटरकडे परत जाताना शेडचा आडवा छेद काढलेला एक कागद न्या. त्यावर ट्रक हौद्यासकट, जॉब, स्लिंग, हुक, क्रेन, राफ्टरचा सांधा, आढ्याची फट आणि लुव्हर, सगळे एकाच मापात. हाताने काढलेला चालेल. त्या कागदावर त्याची सही घ्या आणि कोटेशन पुन्हा मागा. आकडे बदलले तर इथे टाका, क्रेनवाल्याचे ड्रॉइंगही असेल तर बरे, 1.4 च्या जागी 1.6 निघाले तर वळचण तेवढीच वर न्यावी लागेल.